खरूज एकाला होत नाही, खोलीला होते

आपल्याकडे एखाद्याला खरूज झाली की पहिला प्रश्न येतो, "अंघोळ करत नाहीस का?" आमच्या घरात तो माझ्या मामेभावाला विचारला गेला आणि विचारणारा मीच होतो. पाच वेळा वुजू करणाऱ्या घरात खरूज येतेच कशी, असंही अम्मी म्हणाली. या एका समजुतीपायी आम्ही तीन महिने खाजवत बसलो. म्हणून हा लेख त्या समजुतीविरुद्ध आहे. शिवाय हॉस्टेल चालवणाऱ्यांच्या आणि एकाच माणसाच्या नावाने चिठ्ठी लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या सवयीविरुद्धही आहे.

आधी हकीकत सांगतो. मामेभाऊ जुलैमध्ये नवी मुंबईतल्या एका हॉस्टेलवर राहायला आला. खोलीत सहा मुलं आणि पलंग चार, त्यामुळे पलंग एकमेकांना जोडून सगळे आडवे झोपायचे. शनिवारी रात्री तो तळोज्याला आमच्याकडे यायचा. आमच्या वन बीएचकेत आम्ही सात जण: दादी, अब्बू, अम्मी, भाऊ, भाभी, त्यांची चार वर्षांची मुलगी आणि मी. मामेभाऊ आला की पुतणी त्याच्याच कुशीत झोपायची.

ऑगस्टच्या मध्यावर त्याला रात्री खाज सुटायला लागली. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पट्ट्याच्या रेषेवर बारीक पुरळ आलं. डॉक्टरांनी खरूज ओळखली आणि पाच टक्के परमेथ्रिनची क्रीम दिली. त्याने ती अगदी सांगितल्याप्रमाणे लावली, आठवड्याने पुन्हा लावली आणि बरा झाला. तीन आठवड्यांनी सगळं परत सुरू झालं. हॉस्टेलच्या व्यवस्थापकाने "बरा होईपर्यंत घरी जा" असं सांगितलं, आणि तो घरी आला. म्हणजे कुठे आला? सात माणसांच्या एका हॉलमध्ये.

आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा वेळी म्हणतो की तिकीट बंद केलं, बग तसाच राहिला. औषध बरोबर होतं, लावलंही बरोबर होतं. चूक होती ती रुग्ण मोजण्यात. रुग्ण एक नव्हता.

खरूज करणारा कीटक आठ पायांचा असतो, कोळी आणि गोचिडीच्या कुळातला. मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. ती कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते आणि त्यात रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात आणि साधारण दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. हा कीटक मळावर जगत नाही, तो कातडीवर जगतो. साबणाने हात धुतल्याने बोगद्यातली मादी वाहून जात नाही. त्यामुळे वुजू करणाऱ्यालाही खरूज होते आणि रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही.

खाज त्या कीटकाच्या चाव्याची नसते, त्याच्याविरुद्ध आपलं शरीर जी प्रतिक्रिया देतं तिची असते. पहिल्यांदा लागण झाली तर ही प्रतिक्रिया तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्या माणसाला काहीच जाणवत नाही, पण तो शेजारी झोपणाऱ्याला कीटक देऊ शकतो. आधी एकदा होऊन गेलेल्याला मात्र पुन्हा लागण झाली की एक ते चार दिवसांतच खाज सुटते, कारण शरीराला ओळख पटलेली असते. आता आमची हकीकत पुन्हा वाचा. मामेभाऊ बरा होऊन त्याच सहाजणांच्या खोलीत परतला. तिथल्या कुणाला खाज नव्हती, म्हणून कुणी औषध घेतलं नव्हतं. कीटक मात्र तिथेच होते. त्यांनी त्याला पुन्हा गाठलं आणि सर्वांत आधी खाजवायला लागला तो तोच. त्यामुळे दोष त्याच्यावर आला.

नंतर कळलं की त्या खोलीतला एक मुलगा दोन महिने मेडिकलवरून आणलेली ट्यूब लावत होता. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली, सगळ्या खाजेवर चालते म्हणून देतात ती. स्टेरॉइडने खाज दबते आणि पुरळाचं रूप बदलतं, त्यामुळे पाहणाऱ्याला तो गजकर्ण किंवा एक्झिमा वाटतो. कीटक मात्र मरत नाही, उलट त्याला मोकळं रान मिळतं. "मला काही नाही" म्हणणारा तो मुलगा खोलीतला सर्वांत मोठा साठा असू शकतो. निदान होईपर्यंत अशी ट्यूब लावू नका, आणि लावली असेल तर डॉक्टरांना सांगा.

निदानासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. रात्री वाढणारी खाज, ठरावीक जागा आणि घरात किंवा खोलीत आणखी कुणाला तरी तशीच खाज, हे तिन्ही जुळलं की अनुभवी डॉक्टर बहुधा ओळखतात. जागा म्हणजे बोटांची बेचकी, मनगट, काख, कंबर, बेंबीभोवती, बायकांमध्ये स्तनाग्रांभोवती, पुरुषांमध्ये जननेंद्रियावर कडक गाठी. लाजेने ही शेवटची जागा आपण सांगतच नाही, आणि नेमकी तीच निदान पक्कं करते. डर्मोस्कोपच्या भिंगातून बोगद्याच्या टोकाला कीटक दिसू शकतो. खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीही पाहतात, पण साध्या खरजेत अख्ख्या अंगावर दहा-पंधराच माद्या असतात. म्हणून तपासणीत काही सापडलं नाही याचा अर्थ खरूज नाही, असा होत नाही.

शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिल्यांदा योग्य प्रश्न विचारला, "रात्री तुझ्या शेजारी कोण कोण झोपतं?" त्यांनी कागदावर तेरा नावं लिहिली: घरचे सात, खोलीतले सहा. सगळ्यांना एकाच रात्री औषध. मी म्हणालो, "मला कुठे खाजतंय?" त्या म्हणाल्या, "म्हणूनच."

शनिवारची रात्र ठरली. घरी आम्ही सर्वांनी परमेथ्रिन लावलं. मोठ्या माणसाला एका वेळी तीस ग्रॅमची साधारण एक ट्यूब लागते. मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत सगळीकडे लावायचं, फक्त खाजतं तिथे नाही. बेंबी, नितंबांची फट, बोटांची बेचकी आणि नखांच्या खालीही. नखं आधी कापायची. पाठीला दुसऱ्याने लावायचं. दादीला आणि पुतणीला डोक्याच्या कातडीवर आणि कानामागेही लावलं, कारण म्हाताऱ्यांत आणि लहान मुलांत कीटक तिथेही असतो. भाभी पाच महिन्यांची गरोदर होती, तिलाही हीच क्रीम. क्रीम आठ ते चौदा तास अंगावर राहायला हवी. इथे आपल्या घरांत हमखास चूक होते: मधे वुजू केला की हातावरची क्रीम जाते, आणि कीटक सर्वांत जास्त असतात ते हातांवरच. आम्ही इशानंतर लावली. फजरच्या वुजूनंतर हात, पाय आणि दादी-पुतणीच्या डोक्याला पुन्हा लावली आणि आठ वाजता अंघोळ केली.

हॉस्टेलच्या मुलांना डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या. सहा मुलं एकमेकांच्या पाठीला क्रीम लावतील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. माझाही नाही. प्रमाण वजनाच्या दर किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या मुलाला १२ मिलिग्रॅम, जेवणाबरोबर. ही गोळी गरोदर बाईला आणि पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला देत नाहीत. आमची पुतणी चौदा किलोची, म्हणून तिला क्रीमच. गोळीने अंडी मरत नाहीत. म्हणून दुसरा डोस सात ते चौदा दिवसांत घ्यायचा, म्हणजे फुटलेल्या अंड्यांतली पिढी अंडी घालण्याआधी मरते. क्रीमही आठवड्याने पुन्हा लावायची.

कपड्यांचं फार भय बाळगू नका. दुसऱ्या महायुद्धात शेफील्डला केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांना रुग्णांच्या घोंगड्यांत झोपवून पाहिलं, आणि लागण क्वचितच झाली. खरूज पसरते ती कातडीला कातडी बराच वेळ लागून. सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभं राहिल्याने किंवा मुसाफा केल्याने सहसा नाही, एका गोधडीत झोपल्याने होते. मागच्या तीन दिवसांतले कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत चार दिवस बांधून ठेवा. माणसाबाहेर कीटक दोन-तीन दिवसच जगतो.

उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, कारण मेलेले कीटक कातडीतच असतात. दादीची तिसऱ्या आठवड्यात थांबली. ही खाज म्हणजे औषध फसलं असं नाही आणि रोज क्रीम थापायचं कारणही नाही. नवे बोगदे, नवं पुरळ दिसलं किंवा चार आठवड्यांनंतरही खाज राहिली, तर पुन्हा दाखवा. लहान मुलाच्या फोडांत पू झाला, किंवा चेहरा सुजला आणि लघवी लालसर झाली, तर थांबूच नका. खाजवलेल्या जखमेतल्या जंतूंमुळे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. चार आठवड्यांनी आमच्या तेरा जणांत नवं पुरळ कुणालाच नव्हतं.

हे आमचं नशीब नव्हतं. फिजीच्या बेटांवरची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. जिथे खरूज असलेल्यांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना क्रीम दिली, तिथे प्रमाण वर्षभरात सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ वर आलं. जिथे खाज असो नसो, सगळ्या वस्तीला आयव्हरमेक्टिन दिलं, तिथे ३२ वरून २ टक्क्यांच्या खाली. ज्याला त्रास होतोय त्याच्यापाशी थांबणं आणि सगळ्यांना देणं, यात एवढा फरक पडतो.

म्हणून हॉस्टेल चालवणाऱ्यांना, त्यात आपल्या समाजाच्या संस्थाही आल्या, माझं सांगणं आहे: खाजणाऱ्या मुलाला घरी पाठवणं हा उपचार नाही, ती खरजेची पाठवणी आहे. पहिला रुग्ण दिसला की खोलीतल्या सगळ्यांची यादी करा, डॉक्टरांना एकदा खोलीवर बोलवा, एका रात्री सगळ्यांना औषध द्या, आठवड्याने पुन्हा द्या आणि चौथ्या आठवड्याला तपासा. औषधाचा खर्च संस्थेने करावा. चार पलंगांवर सहा मुलं झोपवून भाडं सहा जणांचं घेता, तर खरूजही सहा जणांची माना.

आणि तुम्ही, जे आज रात्री गुपचूप खाजवताय, ते शेजारच्याला सांगा. दवाखान्यात एकटे जाऊ नका. जाताना खिशात नावांची यादी न्या.