प्रोजेक्टरच्या मागणीपत्रातील दोन परिच्छेद

शिक्षकाने मुख्याध्यापकांना लिहावयाच्या मागणीपत्राचा साचा महाराष्ट्रातील शाळांत इतका रूढ आहे की, ‘प्रति, मा. मुख्याध्यापक’ येथून ‘आपला विश्वासू’ येथपर्यंतचा मजकूर बहुतेकांना पाठ असतो. वर्गासाठी प्रोजेक्टर मागणाऱ्या पत्राचे भवितव्य मात्र या साच्याच्या मध्यभागी येणाऱ्या कारणांच्या आणि खर्चाच्या परिच्छेदांवर ठरते, आणि नेमके तेच दोन परिच्छेद घाईने उरकलेले असतात. ‘अध्यापन प्रभावी व आनंददायी व्हावे’ हे कारण खडूपासून संगणकापर्यंत कशालाही लागू पडते, तर ‘अंदाजे खर्च पन्नास हजार’ एवढ्या ओळीवर कोणालाही काही मंजूर करता येत नाही. परिणामी पत्र आवक नोंदवहीत चढते, त्यावर ‘निधी उपलब्धतेनुसार विचार व्हावा’ असा शेरा पडतो आणि ते फाइलला लागते. याचा दोष मुख्याध्यापकांच्या माथी मारण्याची शिक्षकखोलीतील प्रथा या स्तंभाला मान्य नाही.

कारण असे हवे की, जे काम फळ्यावर होऊ शकत नाही ते त्यात स्पष्ट दिसावे. उदाहरणादाखल, जिल्हा परिषदेच्या एखाद्या माध्यमिक शाळेत दहावीच्या वर्गात 52 विद्यार्थी आहेत, सूक्ष्मदर्शक एकच आहे आणि विज्ञान शिक्षिकेला कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीविभाजन दाखवायचे आहे, असे मानले, तर 35 मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 40 सेकंद येतात, आणि एवढ्या वेळात पूर्वावस्था कोणती व मध्यावस्था कोणती हे ओळखणे सोडाच, भिंगाला डोळा लावून नजर स्थिर होण्यापूर्वीच मागच्याचा धक्का बसतो. तीच काचपट्टी सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगावर धरलेल्या कॅमेऱ्यातून पडद्यावर आली, की सर्वांना एकाच वेळी एकाच पेशीकडे बोट दाखवून शिकवता येते. पत्रात ही एक तासिका आणि अशाच आणखी दोन-तीन पाठांची नावे आली, तर कारणांचा परिच्छेद पूर्ण झाला. शैक्षणिक धोरणातील उतारे जोडून त्याचे वजन वाढत नाही.

खर्चाच्या परिच्छेदाची सुरुवात मात्र दुकानातून नव्हे, तर वर्गाच्या मोजमापातून व्हायला हवी. प्रतिमेच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत बसलेल्यांना पडद्यावरील मजकूर सुखाने वाचता येतो, असा दृक्श्राव्य क्षेत्रातील एक जुना ढोबळ नियम आहे. शेवटचा बाक फळ्यापासून 22 फुटांवर असेल, तर त्यानुसार प्रतिमा सुमारे पावणेचार फूट उंच, म्हणजेच प्रचलित प्रमाणात सहा फूट रुंद हवी. ‘त्यापेक्षा टीव्ही का नको?’ या मुख्याध्यापकांच्या हमखास प्रश्नाचे उत्तरही याच नियमात आहे: 55 इंची टीव्हीचा पडदा सव्वादोन फूट उंच असतो आणि तो साडेतेरा फुटांपर्यंतच पुरतो. लहान वर्गाला टीव्हीच सोयीचा, हेही पत्रात प्रांजळपणे लिहावे.

प्रकाशाचे गणित याहून महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक खरेदी तेथेच फसते. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप म्हणजे ल्युमेन, आणि तो प्रकाश एक चौरस मीटर पृष्ठभागावर किती पडतो याचे माप म्हणजे लक्स. वरील आकाराचा पडदा साधारण दोन चौरस मीटरचा होतो, त्यामुळे 3,300 ल्युमेनचे यंत्र त्यावर सुमारे 1,600 लक्स प्रकाश टाकते. उघड्या खिडक्यांतून पडद्यावर आधीच 300 लक्स उजेड येत असेल, तर चित्रातील सर्वांत उजळ भाग सर्वांत काळ्या भागाच्या केवळ सहापट उजळ दिसतो. चित्रपट कसाबसा पाहता येईल, पण पेशीतील गुणसूत्रांचे बारीक धागे फिकट पार्श्वभूमीत हरवतील. जाड पडद्यांनी तोच उजेड 100 लक्सवर आणला, तर हे प्रमाण सोळा-सतरापट होते. पडदे न लावता एवढाच परिणाम साधायचा, तर जवळजवळ तिप्पट ताकदीचे यंत्र लागेल आणि त्याची किंमत शाळेच्या आवाक्याबाहेर जाईल. तरीही शाळांच्या मागणीपत्रांत खिडक्यांचे पडदे क्वचितच आढळतात. यंत्र येते, दिवसाउजेडी काही दिसत नाही आणि महिन्याभरात ते कपाटात जाते. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर छापलेला आठ-नऊ हजार ल्युमेनचा आकडाही असाच फसवा असतो, आणि आकड्याच्या जोडीला ‘अॅन्सी’ या प्रमाणित मोजणीचा उल्लेख नसेल, तर तो आकडा दरपत्रकांच्या तुलनेत धरूच नये.

एवढे ठरल्यावर आकडे मांडणे अवघड राहत नाही. नमुन्यादाखल यंत्राचे 46,000, भिंतीवरील पडद्याचे 4,000, छताला बसवण्याची चौकट, दहा मीटरची केबल व जोडणी यांचे 5,000, खिडक्यांच्या पडद्यांचे 6,000 आणि स्पीकरचे 3,000 धरले, तर बेरीज 64,000 रुपये होते. प्रत्यक्ष दर गावोगावी बदलतील, म्हणून करासह तीन दरपत्रके सोबत जोडावीत, मात्र ती तिन्ही एकाच तपशिलाच्या यंत्राची असावीत. चालू खर्च त्या मानाने किरकोळ असतो: वर्षाला 400 तास वापर आणि 300 वॅटचे यंत्र म्हटले, तर 120 युनिट वीज लागते. सहा हजार तासांचा दिवा या वापराने पंधरा वर्षे पुरेल, असे कागदावर दिसते. वस्तुतः दिव्याचा वैरी धूळ आहे, कारण जाळी तुंबली की आतील हवा खेळत नाही, यंत्र तापते आणि मध्येच बंद पडू लागते. म्हणून दर महिन्याला जाळी कोण साफ करणार, हे पत्रात नावानिशी लिहावे.

आता हीच बेरीज मुख्याध्यापकांच्या बाजूने पाहावी. समग्र शिक्षा योजनेत 250 ते 1,000 पटाच्या सरकारी शाळेला वर्षाकाठी 75,000 रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान मिळू शकते, आणि त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी राखायचे असतात. उरलेल्या 67,500 मधून 64,000 एका वर्गाच्या प्रोजेक्टरवर गेले, तर खडू, वीजबिल, गळके छप्पर आणि मोडके बाक यांच्यासाठी वर्षभर साडेतीन हजार उरतात. अशी मागणी नाकारणारा मुख्याध्यापक अडाणी नव्हे, तर हिशेबी म्हटला पाहिजे. यावर मार्ग असा की, एकाच वर्गासाठी मागणी करण्याऐवजी विज्ञानाच्या सामायिक खोलीसाठी मागणी करावी, पत्रावर त्या खोलीचा वापर करणाऱ्या सर्व शिक्षकांच्या सह्या असाव्यात, पडदे व जोडणीचा 15,000 रुपयांचा भाग लोकवर्गणीतून उभारण्याची तयारी दाखवावी आणि अनुदानातून केवळ 49,000 मागावेत. असा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवणे मुख्याध्यापकांना सोपे जाते, कारण समितीतील पालकांना आपला वाटा आणि शाळेचा वाटा वेगवेगळा दिसतो.

पत्राची वेळही पाहावी. अनुदान आर्थिक वर्षाअखेर खर्ची पडावे लागते, त्यामुळे मार्चमध्ये घाईने आलेल्या मागणीला दरपत्रके तपासण्याइतकीही उसंत मिळत नाही. दिवाळीच्या सुटीनंतर दिलेले पत्र समितीच्या बैठकीत येऊन, यंत्र वर्गात लावून, चालवून पाहून आणि जडसंग्रह नोंदवहीत चढवून मगच देयक अदा करण्यास पुरेसा अवधी देते.