साचा, यंत्र आणि दुसरा परीक्षक

परदेशी शिक्षणाच्या क्लासमध्ये हल्ली एक सिद्धान्त छातीठोकपणे सांगितला जातो. निबंध आता यंत्र तपासते, यंत्राला अर्थ कळत नाही, तेव्हा विचार करण्यात वेळ घालवू नका. पाच परिच्छेदांचा साचा पाठ करा, त्यात ‘प्लेथोरा’, ‘मिरियड’, ‘युबिक्विटस’ असे वजनदार शब्द पेरा आणि घड्याळ थांबेपर्यंत लिहीत राहा. दुसऱ्या बाजूला इंग्रजीचे जुने प्राध्यापक आहेत. निबंधाला गुण द्यावेत ते माणसानेच, यंत्राने तपासणे ही निव्वळ थट्टा, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या पक्षाने विद्यार्थ्याचे नुकसान होते आणि दुसऱ्याने त्याला तयारीसाठी काहीच मिळत नाही, म्हणून दोन्हींचा समाचार घेणे भाग आहे.

क्लासवाल्यांच्या बाजूचा पुरावा आधी मांडतो, कारण तो पोकळ नाही. जीआरई आणि टोफेल घेणाऱ्या ईटीएस या अमेरिकी संस्थेच्या निबंध तपासणाऱ्या प्रणालीचे नाव ई-रेटर. ती फसवून दाखवा, असे आव्हान ईटीएसच्याच संशोधकांनी जाणकारांना दिले होते आणि त्याचा अहवाल 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. काही परिच्छेद लिहून तेच पुन्हा पुन्हा चिकटवत जाणाऱ्याला यंत्राने भरघोस गुण दिले होते. पुढे एमआयटीमध्ये लेखन शिकवणारे लेस पेरलमन यांनी 2014 च्या सुमारास काही विद्यार्थ्यांसह ‘बेबल’ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. दोन-तीन शब्द दिले की तो व्याकरणशुद्ध, भारदस्त आणि संपूर्ण निरर्थक निबंध ओकत असे. जीआरईच्या सरावासाठी ईटीएसने दिलेल्या सेवेत अशा निबंधांना सर्वोच्च गुण मिळाले. सन 1812 चे युद्ध 1945 मध्ये सुरू झाले असे लिहिले तरी यंत्राला सोयरसुतक नसते, हेही पेरलमन यांचेच निरीक्षण.

हे सगळे खरे असूनही त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो. त्या सराव सेवेत गुण देणारे यंत्र एकटे होते. प्रत्यक्ष जीआरईमध्ये ते एकटे नसते, आणि नेमका हाच तपशील साचा विकणारे गाळतात.

प्रत्यक्ष परीक्षेचा नियम असा आहे. तीस मिनिटांत लिहिलेला निबंध आधी एक प्रशिक्षित परीक्षक वाचतो आणि 0 ते 6 मध्ये गुण देतो. मग ई-रेटर गुण देते. दोघांचे गुण जवळपास असतील तर सरासरी काढली जाते. तफावत मोठी असेल तर निबंध दुसऱ्या माणसाकडे जातो आणि अंतिम गुण ठरतात ते दोन माणसांच्या सरासरीने. यंत्राचा आकडा तिथे बाद होतो. आता साचेबाज निबंध यातून चालवून पाहा. लांबी आणि शब्दांवर भाळून यंत्राने 5 दिले आणि माणसाने पोकळपणा ओळखून 3. दोन गुणांची तफावत पडली, दुसरा परीक्षक आला, त्यानेही 3 दिले. हातात 3 पडले. यंत्राला जितके जास्त फसवाल तितकी दुसरा माणूस येण्याची शक्यता वाढते. महिनाभर साचा घोकून विद्यार्थ्याने जे कमावले ते नियमाच्या एका ओळीत बुडाले.

त्यात बेबलच्या प्रकारानंतर ईटीएस स्वस्थ बसलेली नाही. अशा निरर्थक मजकुराचा वास येताच इशारा देणारी तपासणी तिच्या संशोधकांनी विकसित केली आणि 2018 मध्ये त्यावर लिहिलेही. विषय सोडून भरकटलेला निबंध किंवा तोच तो मजकूर यांच्यासाठीही वेगळे इशारे असतात. म्हणजे युक्ती बाजारात येईपर्यंत तिचा उतारा निघालेला असतो.

तरीही मूळ प्रश्न उरतो. यंत्र नेमके पाहते काय? ‘यंत्राला अर्थ कळत नाही’ एवढे म्हणून भागत नाही. 1966 च्या सुमारास एलिस पेज यांनी निबंध तपासणारी पहिली प्रणाली मांडली तेव्हापासून कल्पना एकच आहे. चांगल्या लेखनाचा गुण यंत्राला दिसत नाही, त्या गुणाच्या मागे उरणाऱ्या खुणा दिसतात. माणसांनी आधी तपासलेले निबंध यंत्राला द्यायचे आणि कोणत्या खुणा कोणत्या गुणांबरोबर येतात याचा हिशेब त्याला करू द्यायचा. यंत्राची अक्कल ही अशी माणसांकडून उसनी घेतलेली आहे. म्हणून सर्वसाधारण निबंधांवर दोघांचे बरेच जुळते. फाटते ते टोकाला, जिथे खूण आहे पण गुण नाही, किंवा गुण आहे पण खूण नाही.

ई-रेटरच्या खुणांपैकी दोनच जवळून पाहू. एकीला ते ‘मांडणी’ म्हणतात. यंत्र निबंधाचे तुकडे पाडते (प्रस्तावना, मुख्य विधान, मुद्दे, मुद्द्यांचा आधार, समारोप) आणि असे तुकडे किती भरले ते पाहते. दुसरीला म्हणतात ‘विस्तार’, म्हणजे एकेका तुकड्यात सरासरी किती शब्द आहेत. तुकड्यांची संख्या आणि तुकड्याची लांबी यांचा गुणाकार केला की येते काय? निबंधाची एकूण लांबी! ‘लांब लिहा’ या सल्ल्याचे मूळ इथे आहे आणि तेवढ्यापुरता तो खरा आहे. पण व्याकरण, शब्दप्रयोग, शुद्धलेखन यांच्या चुका यंत्र एकूण शब्दांच्या प्रमाणात मोजते. भरतीची वाक्ये घाईत लिहिली जातात, आर्टिकल गळतात, क्रियापद कर्त्याशी जुळत नाही. लांबीने जे मिळाले ते चुकांच्या प्रमाणाने परत जाते.

पीटीई अकॅडेमिकमध्ये तर ‘लांब लिहा’ हा सल्ला सरळ अंगावर येतो. ऑस्ट्रेलियाला निघालेली आपली अनेक मुले ही परीक्षा देतात आणि तिचा पाया यंत्राची तपासणी हाच आहे. वीस मिनिटांच्या तिच्या निबंधाला 200 ते 300 शब्दांची मर्यादा आहे. त्या मर्यादेत राहिल्यास आकारमानाचे पूर्ण 2 गुण मिळतात. 301 ते 380 शब्दांना 1. 380 च्या पुढे शून्य. शिवाय निबंध विषयाला धरून नसेल आणि आशयाचा गुण शून्य झाला, तर पुढचे काहीच तपासले जात नाही. ‘यंत्र आहे, आशय कोण बघतो’ म्हणणाऱ्यांनी हा नियम एकदा मोठ्याने वाचावा.

आता प्राध्यापकांकडे वळू. माणूसच खरा, हे ऐकायला बरे वाटते. 1961 मध्ये पॉल डीडरिक आणि सहकाऱ्यांनी 300 निबंध 53 वाचकांना दिले आणि नऊ पायऱ्यांवर गुण द्यायला सांगितले. 94 टक्के निबंधांना किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या आणि 101 निबंध असे निघाले की पहिलीपासून नववीपर्यंत प्रत्येक श्रेणी त्यांना कुणी ना कुणी दिली. वाचक तर वेगवेगळ्या क्षेत्रांतले नामवंत होते. कुणी विचार पाहत होता, कुणी चुका, कुणी शैली. निकष लिहून देणे, परीक्षकांना प्रशिक्षण देणे आणि दोघांकडून तपासून घेणे ही सगळी खटपट माणसाच्या याच लहरीपणावर तोडगा म्हणून आहे. यंत्राला निदान दुपारी झोप येत नाही.

मात्र यंत्र निःपक्षपाती आहे असेही कुणी समजू नये. ईटीएसच्याच संशोधकांना आढळले की चीनच्या मुख्य भूमीतून आलेल्या निबंधांना ई-रेटर माणसांपेक्षा जास्त गुण देते आणि अन्य काही गटांना कमी. खुणा शिकवता येतात. ज्या देशात त्या पद्धतशीर घोकून घेतल्या जातात तिथले निबंध यंत्राला अधिक भावणारच. दोन्ही तपासणाऱ्यांना खोट आहे, पण ती वेगवेगळ्या जागी आहे, म्हणूनच जोडी लावण्यात शहाणपण आहे.

मग तयारी कशी करावी? माझे म्हणणे असे की विचार माणसासाठी करावा आणि तो यंत्राला दिसेल असा मांडावा. विषय घ्या: शहरांनी गर्दीच्या भागात खासगी गाड्यांना बंदी करावी का? साचा पाठ केलेला मुलगा लिहितो, आजच्या जागतिकीकरणाच्या युगात वाहतुकीचे असंख्य फायदे-तोटे आहेत. हे वाक्य कोणत्याही विषयाला लागू पडते, आणि म्हणूनच परीक्षक तिथे पहिला गुण मनातल्या मनात कापतो. दुसरी मुलगी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा विचार करते. दुकानांचा माल सकाळी उतरतो, गिऱ्हाईक संध्याकाळी येते. तेव्हा बंदी गाड्यांवर सरसकट न घालता ठरावीक तासांपुरती घालावी, आणि दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या माणसाची सोय आधी पाहावी. हा विचार आहे. त्यात समोरच्या बाजूला दिलेली सवलतही आहे, आणि माणूस नेमका तिला गुण देतो.

पण हीच मुलगी बरेचदा हे सगळे एका लांबलचक परिच्छेदात, मुख्य विधान शेवटी ठेवून लिहिते. मराठीत आपल्याला तशी सवय आहे. आधी गोष्ट सांगायची, मग मुद्दा. माणूस शेवटपर्यंत वाचून मुद्दा उचलतो. यंत्राला मात्र एकच फुगलेला तुकडा दिसतो. तिने करायचे ते एवढेच की परिच्छेद तीन करायचे आणि प्रत्येकाच्या पहिल्या वाक्यात त्याचा दावा ठेवायचा. बंदी तासांपुरती असावी, हे पहिले वाक्य. मालाचा आणि गिऱ्हाइकाचा तपशील त्याच्या खाली. एकही विचार बदललेला नाही आणि मांडणीची खूण मात्र उमटली. विनोद आणि उपरोध यांच्यावर यंत्राकडून गुण मिळत नाहीत. ते चांगले जमत असतील तरच माणसासाठी एखादे ठेवावे.

वजनदार शब्दांचेही तेच. कमी वापरातल्या आणि लांब शब्दांची खूण यंत्र मोजते हे खरे, पण चुकीच्या जागी बसलेला ‘युबिक्विटस’ माणसाला तत्काळ खुपतो. जो शब्द आपण स्वतः तीन वेगळ्या वाक्यांत न अडखळता वापरला आहे तोच परीक्षेत न्यावा.

राहिला चुकांचा भाग, आणि आपल्याकडच्या मुलांचे गुण खरे तर इथे जातात. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ या आर्टिकलांना जागाच नाही, त्यामुळे ती गळतात. ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ येतेच. विचार रंगला की माणूस अशा दोन-चार चुकांवरून पुढे सरकतो. यंत्र प्रत्येक सापडलेली चूक हिशेबात धरते. सरावाचा निबंध शुद्धलेखन तपासणी बंद करून टाइप करावा, कारण जीआरईच्या खिडकीत ती सोय नसते. नंतर शंभर शब्दांमागे आपल्या चुका किती, हे लाल पेनाने मोजून तारखेसह वहीत लिहावे. आकडा खाली येत नसेल तर आणखी निबंध लिहिण्यात अर्थ नाही. तेव्हा जुनाच निबंध पुढ्यात घेऊन आर्टिकलांसाठी एकदा, क्रियापदांसाठी एकदा, असा वेगवेगळा वाचावा.