वडिलांची पेन्शन 'विकून' दुकान टाकताय? आधी हे गणित बघा

दुकानाचं भांडवल कुठून आणणार, असं मी वर्गात विचारलं की एक उत्तर हमखास येतं: "सर, बाबा यंदा रिटायर होतायत, ते पेन्शन विकणार आहेत." आपल्या बुलडाणा जिल्ह्यात, चिखली असो, मेहकर असो की मलकापूर, नोकरदार घर म्हणजे बहुतेक वेळा जिल्हा परिषदेचे गुरुजी नाहीतर ग्रामसेवक. त्यामुळे हा प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरातला आहे. त्याला जोडून दुसरं वाक्यही ठरलेलंच असतं: "एकरकमी पैशावर टॅक्स नाही, महिन्याच्या पेन्शनवर आहे, म्हणून एकरकमी घेतलेलंच बरं." माझं मत स्पष्ट सांगतो. या वाक्यातली माहिती खरी आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बहुतेक घरांसाठी चुकीचा आहे.

आधी पेन्शन विकणं म्हणजे काय ते बघू. कागदावर याला अंशराशीकरण म्हणतात. राज्य सरकारच्या आणि जिल्हा परिषदेच्या जुन्या पेन्शनवाल्यांना मूळ पेन्शनचा जास्तीत जास्त 40 टक्के हिस्सा आगाऊ, एकदम घेता येतो. त्या बदल्यात तेवढी पेन्शन 15 वर्षं कमी मिळते आणि नंतर पुन्हा पूर्ववत होते. किती रक्कम मिळणार, ते वयानुसार ठरलेल्या तक्त्यावरून निघतं. 58 व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला पुढच्या वाढदिवसाचं, म्हणजे 59 वयाचं गुणक लागतं. ते आहे 8.371.

समजा गुरुजींची मूळ पेन्शन 30,000 रुपये आहे. तिचे 40 टक्के म्हणजे 12,000. याला 12 महिन्यांनी आणि मग 8.371 ने गुणलं की येतात 12,05,424 रुपये. हे हातात पडतात. दुसऱ्या बाजूला दर महिन्याला 12,000 कमी, असं 180 महिने. एकूण कपात 21,60,000. आता याकडे कर्ज म्हणून बघा. बारा लाख उचलले आणि 15 वर्षं महिन्याला बारा हजारांचा हप्ता भरला, तर व्याजदर पडतो साधारण 8.7 टक्के.

म्हणजे पेन्शन विकणं हे कर्जच आहे, फक्त हप्ता बाबांच्या पेन्शनमधून परस्पर कापला जातो. या कर्जाच्या दोन गोष्टी मात्र चांगल्या आहेत. महागाई वाढ ही कापलेल्या पेन्शनवर न मिळता मूळ पूर्ण पेन्शनवर मिळत राहते. आणि 15 वर्षांच्या आत बाबांचं काही बरंवाईट झालं तर उरलेली वसुली होत नाही, आईला कुटुंब निवृत्तीवेतन कपातीशिवाय मिळतं. बँकेच्या कर्जात असं संरक्षण हवं असेल तर वेगळा विमा काढावा लागतो.

आता टॅक्स. सरकारी आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्याला अंशराशीकरणाची पूर्ण रक्कम करमुक्त आहे. (खाजगी कंपनीतल्याला तसं नाही. त्याला ग्रॅच्युइटी मिळाली असेल तर पूर्ण पेन्शन विकल्यावर जी रक्कम आली असती तिचा एक तृतीयांश करमुक्त, ग्रॅच्युइटी नसेल तर निम्मी.) महिन्याची पेन्शन मात्र पगारासारखी उत्पन्नात धरली जाते. इथपर्यंत तुमचं ऐकलेलं बरोबर आहे.

पण आपल्या गुरुजींचं वर्षाचं उत्पन्न बघा. 55 टक्के महागाई वाढ धरली तर काहीही न विकता पेन्शन होते महिन्याला 46,500, वर्षाला 5 लाख 58 हजार. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्य होतो, आणि पेन्शनवाल्याला 75,000 ची प्रमाणित वजावट वेगळी मिळते. म्हणजे विकली तरी टॅक्स शून्य, नाही विकली तरी शून्यच. जो टॅक्स लागतच नव्हता तो वाचवायला कशाला धावायचं?

गणित बदलतं ते वरच्या उत्पन्नाला. बाबांना पेन्शनशिवाय गाळ्यांचं भाडं येतं आणि उत्पन्न 20 टक्क्यांच्या टप्प्यात जातं, असं धरा. मग कापल्या गेलेल्या 12,000 पैकी जवळपास 2,500 तसेही करात गेले असते. हातातून खरे जातात साडेनऊ हजार, आणि त्याच बारा लाखांचा खर्च 8.7 वरून साधारण 5 टक्क्यांवर येतो. अशा घराने 40 टक्के विकायला माझी हरकत नाही.

काही जण विकून आलेले पैसे ठेवीत टाकतात, हे मला सगळ्यात खटकतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत व्याज मिळतं 8.2 टक्के, तुम्हाला पैसा पडलाय 8.7 ने. वर ते व्याज उत्पन्नात धरलं जातं. मग विकली कशाला?

दुकानासाठी विकत असाल तर निदान बँकेच्या दराशी तुलना होते. तुम्हाला 11 टक्क्यांनी कर्ज मिळत असेल तर 8.7 स्वस्तच आहे. पण आपल्याकडची कृषी केंद्रं, किराणा, हार्डवेअर, सगळं उधारीवर चालतं. जूनमध्ये माल उचलायचा आणि सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या आसपास पैसे यायचे. पेन्शनची कपात तोपर्यंत थांबत नाही. आणि एकदा रक्कम घेतली की परत भरून कपात बंद करता येत नाही. दुकान दोन वर्षांत बसलं तरी बाबांची पेन्शन त्र्याहत्तरीपर्यंत कमीच राहणार.

म्हणून मी सांगतो, 40 टक्के ही मर्यादा आहे, सक्ती नाही. 20 टक्के विकली तर 6,02,712 मिळतात आणि कपात फक्त 6,000 ची होते. विकायची ती मोडल्यावर पैसे देणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे फ्रीज, काटा, रॅक, खपणारा माल. डिपॉझिट आणि फर्निचरसाठी नको. बाबांनी दिलेली रक्कम भेट असेल तर तुम्हाला त्यावर टॅक्स नाही. उसनी असेल तर बँकेतूनच घ्या, कारण 20,000 किंवा जास्त कर्ज रोखीत घेणं कायद्याला चालत नाही. आणि कपातीएवढे पैसे दर महिन्याला बाबांच्या खात्यावर टाका, तेवढे टाकता येत नसतील तर दुकानाचा हिशोब पुन्हा मांडा.

बाबा 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर नोकरीला लागून एनपीएसमध्ये असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे जमा रकमेतले 60 टक्के एकरकमी, करमुक्त. उरलेल्या 40 टक्क्यांची विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावी लागते. ती घेताना कर नाही, पण तिचं दरमहा मिळणारं पेन्शन उत्पन्नात धरलं जातं. 40 लाख जमा असतील तर 24 लाख हातात आणि 16 लाखांची वार्षिकी. दर साडेसहा टक्के धरला तर महिन्याला जेमतेम 8,667 रुपये, आणि त्यावर महागाई वाढ नाही. जुन्या पेन्शनमध्ये विकल्यावरही 60 टक्के मूळ पेन्शन आणि पूर्ण महागाई वाढ उरते. इथे ते 24 लाखच म्हातारपणाची खरी पेन्शन आहेत. त्यांना करमुक्त म्हणून मोकळे पैसे समजू नका. अशा घरातल्या मुलाने बँकेचं कर्ज दोन टक्के महाग पडलं तरी तेच घ्यावं.

अर्जाबद्दल एक शेवटचं. अंशराशीकरणाचा अर्ज निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. म्हणजे पेन्शनच्या कागदांसोबतच घाईने 40 टक्के लिहून द्यायची गरज नाही. दुकानाची जागा, मालाचे भाव, एका हंगामाची उधारी, सगळं कागदावर मांडायला तेवढे महिने पुरतात.