हिरव्या केसपेपरलाही मुदत हवी!

सरकारी दवाखान्यातील रांग हा आपल्या वस्तीतील माणसाच्या रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. या रांगेबाबत दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, जो आधी आला त्याला आधी तपासा, हीच खरी समता. दुसरे म्हणते, ज्याचा आजार गंभीर त्याला आधी घ्या, बाकीच्यांनी थांबावे. दोन्ही मते अर्धीच बरोबर आहेत, असे आमचे म्हणणे आहे. पहिल्या मताने माणूस रांगेत मरू शकतो. दुसऱ्या मताने किरकोळ आजाराचा माणूस दिवसभर बसून तपासणीविना घरी जातो. या दोन अन्यायांमधून वाट काढणारी एक साधी पद्धत आहे. तिच्यासाठी यंत्र लागत नाही. घड्याळ, पेन आणि लेखी नियम एवढे पुरते.

गंभीर रुग्ण आधी हे तत्त्व मोडीत काढा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य दॉमिनिक जाँ लारे यांनी १८१२ च्या रशियन मोहिमेच्या आठवणींत हे तत्त्व स्पष्ट मांडले. ज्याची जखम धोक्याची त्याच्यावर आधी उपचार, मग त्याचा हुद्दा कोणताही असो. सरदार आणि शिपाई यांच्यात भेद नाही, भेद फक्त जखमेचा! रुग्णांच्या या वर्गवारीला आज जगभर ट्रायेज म्हणतात. म्हणजे रुग्णवर्गवारीचा जन्मच मुळी हुद्द्याच्या विरोधात झाला. आपल्या ओपीडीत पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन येणारा जेव्हा थेट आत जातो, तेव्हा तो या तत्त्वालाच पायदळी तुडवतो.

आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख हा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला गंभीर मार लागला होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले आणि अखेर खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर तातडीचा उपचार न देणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. २५ हजार रुपये भरपाई देण्याचा आदेशही झाला. तेव्हा ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला रांगच नसते. बेशुद्ध, धाप लागून बोलता न येणारा, झटके येत असलेला, रक्त थांबत नसलेला, घामासह छातीत दाबल्यासारखे दुखणारा, असा रुग्ण लाल. तो थेट आत. याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो उरलेल्या दोन रंगांचा. पिवळा म्हणजे आज लवकर पाहिले नाही तर बिघडू शकेल असा, उदाहरणार्थ खूप ताप आणि उलट्या असलेले मूल. हिरवा म्हणजे थांबू शकेल असा, उदाहरणार्थ नायटा, जुनी कंबरदुखी, सर्दी. नियम एवढाच असेल की पिवळा नेहमी हिरव्याच्या आधी, तर काय होते? पिवळे येत राहिले की हिरवा मागेच ढकलला जातो. त्याच्या थांबण्याला शेवटच नाही. आणि हा हिरवा कोण असतो? बहुधा तोच, जो हजेरी बुडवून आलेला असतो. सफाई कामगार, नाक्यावरचा मजूर, धुण्याभांड्याची कामे करणारी बाई. आज परत गेलेली बाई उद्या येत नाही. ती पंधरा दिवसांनी येते, आणि तेव्हा तिचा आजार पिवळा झालेला असतो.

म्हणूनच ज्या देशांनी ही वर्गवारी गांभीर्याने राबवली, त्यांनी हिरव्यालाही मुदत दिली. इंग्लंडमधील मँचेस्टर पद्धतीत हिरव्या रुग्णाला १२० मिनिटांच्या आत पाहण्याचे लक्ष्य आहे. दक्षिण आफ्रिकेच्या पद्धतीत नारिंगी १० मिनिटे, पिवळा १ तास आणि हिरवा ४ तास अशी मर्यादा आहे. आकडे वेगवेगळे आहेत, पण 'नंतर बघू' हे उत्तर कोठेही मान्य नाही. मात्र मुदत भिंतीवर लिहून भागत नाही. हाक मारण्याचा क्रमच त्या मुदतीवरून ठरला पाहिजे.

तो असा ठरवता येतो. केसपेपर काढताना सिस्टरने नाडी, श्वास, ताप, रक्तदाब पाहावा, रंग ठरवावा आणि कागदावर दोन वेळा लिहाव्यात. पहिली, रुग्ण आल्याची. दुसरी, कोणत्या वेळेच्या आत त्याला पाहायचे ती. आपल्या उदाहरणासाठी पिवळ्याला ३० मिनिटे आणि हिरव्याला १२० मिनिटे धरू. आता नियम एकच. ज्याच्या कागदावरची दुसरी वेळ सर्वांत आधीची, त्याला पुढची हाक. दोघांची वेळ एकच असेल तर पिवळा आधी. याचा अर्थ, पिवळ्याला हिरव्यापुढे दीड तासाची सवलत मिळते, पण अमर्याद सवलत मिळत नाही.

हिशेब करून पाहू. दवाखाना सकाळी ९ ते १२.३०, डॉक्टर एक, प्रत्येक रुग्णाला ६ मिनिटे. ९ वाजता दारात नऊ हिरवे रुग्ण उभे आहेत. त्यानंतर दर साडेसात मिनिटांनी एक पिवळा येतो, नवा हिरवा कोणी येत नाही असे धरू. 'पिवळा नेहमी आधी' हा नियम लावला, तर सुरुवातीला दोन हिरवे आत जातात आणि पुढे दर अर्ध्या तासाला एकाच हिरव्याचा नंबर लागतो. नवव्या व्यक्तीची पाळी येते १२ वाजून ३६ मिनिटांनी. खिडकी १२.३० लाच बंद! साडेतीन तास बसून ती बाई परत जाते.

आता मुदतीचा नियम लावा. नऊही हिरव्यांच्या कागदावर ११ ची वेळ आहे. साडेदहापर्यंत आलेल्या पिवळ्यांची वेळ ११ किंवा त्याआधीची आहे, म्हणून तोपर्यंत सारे पूर्वीसारखेच चालते आणि चार हिरवे तपासून होतात. साडेदहानंतर येणाऱ्या पिवळ्याची वेळ मात्र ११ च्या पुढची असते. म्हणून उरलेले पाच हिरवे ओळीने आत जातात आणि नवव्या व्यक्तीला बरोबर ११ वाजता हाक येते. याची किंमत कोणी मोजली? १० वाजून ३७ मिनिटांनी आलेल्या पिवळ्याने. त्याला ११ वाजून ६ मिनिटांनी हाक आली, म्हणजे साधारण २९ मिनिटे थांबावे लागले. त्याच्या पुढच्याला २७, आणि मग ते थांबणे कमी होत गेले. त्यांची ३० मिनिटांची मर्यादा कोठेही मोडली नाही.

यातला धडा नीट समजून घेतला पाहिजे. डॉक्टर तेवढेच, रुग्ण तेवढेच आणि प्रत्येकाला लागणारा वेळ तेवढाच असेल, तर क्रम बदलल्याने एकूण थांबणे कमी होत नाही. ते फक्त वाटले जाते. प्रश्न वाटपाचा आहे! सारे थांबणे एकाच्या माथी मारायचे, की प्रत्येकाला सोसवेल एवढे वाटायचे?

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तासाला दहा रुग्ण तपासले जात असतील आणि बारा येत असतील, तर कोणताही नियम मुदत पाळू शकणार नाही. अशा दिवशी हाच नियम पिवळ्यालाही उशीर करील, आणि तो धोका पत्करता येणार नाही. त्या वेळी हिरव्यांतील मलमपट्टी, टाके काढणे, रक्तदाबाच्या ठरलेल्या गोळ्या अशी कामे वेगळ्या टेबलाकडे वळवावी लागतात, दुसरा डॉक्टर मागवावा लागतो. मुदती रोज मोडू लागल्या, तर दोष रांगेचा नसून मंजूर पदांचा आहे, हे तेच केसपेपर सिद्ध करतात.

दुसरी गोष्ट, हिरवा हा हिरवाच राहतो असे नाही. मधुमेही वृद्धेला हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत दुखेलच असे नाही, कधी नुसता थकवा आणि मळमळ असते. म्हणून सिस्टरने दर अर्ध्या तासाने बाकांवरून फेरी मारावी, बिघडलेल्याचा रंग बदलावा आणि वेळ नव्याने लिहावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्याला गर्दीत न बसवता मोकळ्या हवेत वेगळे बसवावे. तो हिरवा असला, तरी त्याचे थांबणे इतरांना महाग पडू शकते.

तिसरी गोष्ट वशिल्याची. रंग हाती आला की वशिल्याचा हिरवा माणूस पिवळा होऊ लागतो. हे ओळखता येते. पिवळ्यांची संख्या वाढत जाते, पण त्यांतून दाखल केलेले किंवा मोठ्या रुग्णालयात पाठवलेले मात्र वाढत नाहीत. यावर उपाय एकच, रंग कोणत्या लक्षणावरून दिला ते कागदावर लिहिणे बंधनकारक करणे.

आणि सरासरीला भुलू नका. वरच्या उदाहरणात सरासरी पाहिली, तर 'पिवळा नेहमी आधी' हा नियमही वाईट दिसणार नाही. नवव्या बाईचे साडेतीन तास सरासरीत बुडून जातात. म्हणून दोन आकडे मागा. त्या दिवशी सर्वांत जास्त थांबलेला रुग्ण किती थांबला, आणि केसपेपर काढून न तपासता किती जण परत गेले.

हे आकडे मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ६ खाली दहा रुपयांच्या अर्जावर, रुग्णांची नावे वगळून, एका महिन्याच्या आल्याच्या आणि तपासल्याच्या वेळा मागा. उत्तर आले की, 'तपासल्याची वेळ नोंदवली जात नाही', तर तेच उत्तर रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवा आणि केसपेपरवर दोन वेळा छापून घेण्याची मागणी करा. ज्या कागदावर मुदत लिहिलेली नाही, त्या कागदाचा धारक रांगेत नसतो. तो केवळ दारात उभा असतो.