हट्ट की भीती?

गेल्या महिन्यात आमच्याकडे चिपळूण भागातील एका भगिनीचे पत्र आले. त्यांचा अडीच वर्षांचा मुलगा रात्री दिवा बंद केला की रडतो. मग त्या त्याच्याजवळ जाऊन पडतात, दुधाची बाटली देतात, पाठीवर थोपटतात. तो झोपेपर्यंत दीड तास जातो. हे सारे पावसाळ्यापासून सुरू झाले. एका रात्री विजेच्या खांबावर मोठा स्फोट झाला, घरभर अंधार झाला आणि मूल दचकून उठले. सासूबाई म्हणतात, "पोर घाबरलंय, एकटं सोडू नकोस." नणंद म्हणते, "लाडानं बिघडलंय, रडू दे." पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "दोघींपैकी कुणाचं ऐकू?"

प्रश्न छोटा दिसतो, पण त्यात मानसशास्त्रातील एक जुना भेद दडलेला आहे. सवय दोन वाटांनी लागते. तिला लागलेली वाट ओळखल्याशिवाय ती सोडवू गेलो तर उलटेच होते.

पहिली वाट रशियातील इव्हान पावलोव्ह यांनी दाखवली. ते पचनसंस्थेचा अभ्यास करत होते आणि 1904 चे नोबेल पारितोषिक त्यांना त्याच कामासाठी मिळाले. कुत्र्याच्या तोंडातील लाळ मोजताना त्यांच्या लक्षात आले की अन्न तोंडात पडण्याआधीच लाळ सुटते. अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल त्याला पुरते. मग त्यांनी अन्नाच्या आधी ठरावीक आवाज द्यायला सुरुवात केली. काही दिवसांनी नुसत्या आवाजानेही लाळ सुटू लागली. रमजानमध्ये हा अनुभव आपल्या घरोघरी येतो. दस्तरखानावर खजूर मांडलेले असतात, मगरिबची अजान कानावर पडते आणि पहिला घास तोंडात जाण्याआधीच तोंडाला पाणी सुटते. आपण ते सोडत नाही, आपोआप सुटते. याला अभिजात अभिसंधान म्हणतात. इथे एका खुणेची दुसऱ्या गोष्टीशी गाठ पडते आणि त्यासाठी माणसाला काहीच करावे लागत नाही.

दुसरी वाट अमेरिकेत सापडली. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजराला पेटीत कोंडले आणि अन्न बाहेर ठेवले. मांजर ओरबाडते, चावते, धडपडते. चुकून खटका दाबला गेला की दार उघडते. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर निरुपयोगी धडपड कमी होत जाते आणि खटका लवकर दाबला जातो. त्यांचे हे काम 1898 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे बी. एफ. स्किनर यांनी ते खूप विस्तारले. याला साधक अभिसंधान म्हणतात. इथे आधी कृती होते, मग फळ मिळते. फळ मिळत राहिले तर कृती टिकते.

दोन्हींतला फरक ओळखायला आम्ही एकच प्रश्न विचारतो. मुलाने काही केले नसते, तरी ती गोष्ट घडली असती का? अजान झाल्यावर इफ्तारचे ताट येणारच, तोंडाला पाणी सुटो वा न सुटो. पण रडल्याशिवाय आई खोलीत परत आली असती का?

आता चिपळूणच्या मुलाकडे वळू. त्याच्या बाबतीत दोन्ही वाटा एकमेकींत गुंतल्या असाव्यात, असे आम्हाला वाटते. स्फोट आणि अंधार एकाच क्षणी आले, म्हणून अंधार ही भीतीची खूण बनली. ही पहिली वाट झाली. मूल रडले, आई आली, दूध आले. रात्रीमागून रात्री हेच झाले, तेव्हा रडण्याला फळ लागले. ही दुसरी वाट. म्हणजे सासूबाई आणि नणंद दोघींचे अर्धे अर्धे बरोबर आहे. आणि आईचे काय? आई जवळ जाऊन पडते आणि रडणे थांबते. कानावरचा त्रास संपणे हेही फळच आहे, ते आईला मिळते. मुलाला रडायची सवय लागली तशी आईला धावून जायची सवय लागली. दोघे एकमेकांना शिकवत आहेत, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आधी दोन्ही भाग वेगळे करून पाहावेत. दुपारी मुलाला कडेवर घेऊन एखाद्या अंधाऱ्या खोलीत जावे. आईला घट्ट धरलेले असतानाही तो ताठरला, अंग चोरू लागला, छातीत धडधड वाढली तर भीती अजून जिवंत आहे. पण अंधारातही आई शेजारी असताना तो निवांत असेल आणि आई उठताच पुन्हा आवाज चढवत असेल, तर भीती बहुधा विरली असावी आणि मागे मुख्यतः फळ उरले असावे.

भीती उरली असेल तर रडू देणे चुकीचे ठरेल. रडता रडता तो दमून झोपेल, पण अंधाराची खूण आणखी घट्ट होण्याचा धोका राहील. अशा वेळी मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केलेले काम उपयोगी पडते. त्यांच्याकडे पीटर नावाचा सुमारे पावणेतीन वर्षांचा मुलगा होता. तो सशाला घाबरायचा, कापसालाही घाबरायचा. त्यांनी त्याला उंच खुर्चीत बसवून आवडीचे खायला दिले आणि पिंजऱ्यातला ससा दूर, त्याचे खाणे थांबणार नाही इतक्या अंतरावर ठेवला. पुढे तो थोडा थोडा जवळ आणत गेल्या. शेवटी पीटर सशाला आपली बोटे कुरतडू देऊ लागला. वाटेत अडथळेही आले. तो आजारी पडला, नंतर एका मोठ्या कुत्र्यामुळे घाबरला आणि भीती बरीचशी परतली. पुन्हा लांबून सुरुवात करावी लागली. जोन्स यांनी एक इशाराही दिला होता. घाई केली तर उलटे होऊ शकते, म्हणजे सशाची भीती जाण्याऐवजी अन्नाचीच भीती बसू शकते.

चिपळूणच्या घरात याचा अर्थ असा. झोपेच्या वेळी नव्हे, संध्याकाळी, मूल खेळकर असताना खोलीत थोडाच अंधार करावा. दार उघडे, बाहेरच्या खोलीत दिवा. चादरीचा तंबू करून टॉर्चचा खेळ खेळावा. मूल हसत राहील इतकाच अंधार. दोन दिवस हे जमले की दार थोडे लोटावे. अंग चोरताना दिसला की एक पायरी मागे यावे. पुढच्या पावसात पुन्हा वीज कडाडली आणि तो दचकला, तर सारे वाया गेले असे समजू नये. पुन्हा दारापासून सुरुवात करावी.

भीती गेल्यावर उरते ते रडण्याचे फळ. इथे नणंदेचा मुद्दा लागू पडतो, पण तो कसा अमलात आणायचा यावर सारे अवलंबून आहे. 1959 मध्ये सी. डी. विल्यम्स यांनी एका मुलाची हकिगत छापली. मूल पावणेदोन वर्षांचे होते. आयुष्याचे पहिले दीड वर्ष बरेचसे गंभीर आजारात गेलेले, त्यामुळे घरचे त्याला जपत. आई-वडील आणि मावशी पाळीपाळीने त्याला झोपवत. तो झोपेपर्यंत अर्धा ते दोन तास कुणीतरी खोलीत बसे. उठले की आक्रोश. डॉक्टरांनी प्रकृती ठीक असल्याचा निर्वाळा दिल्यावरच घरच्यांनी ठरवले की प्रेमाने झोपवायचे, बाहेर यायचे, दार लावायचे आणि परत जायचे नाही. पहिल्या दिवशी तो 45 मिनिटे रडला. दुसऱ्या दिवशी मुळीच नाही, बहुधा आदल्या दिवशी दमल्यामुळे. तिसऱ्या दिवशी 10 मिनिटे. दहाव्या वेळेपर्यंत कुरकुरही थांबली होती आणि माणूस खोलीबाहेर जाताना मूल हसत होते.

मग आठवडाभराने मावशीची पाळी आली. मूल थोडे रडले, मावशीचे मन द्रवले. ती परत आत गेली आणि तो झोपेपर्यंत थांबली. एवढ्या एका वेळेने आक्रोश परत आला आणि सारे पहिल्यापासून करावे लागले. दुसऱ्या खेपेला रडणे नवव्या वेळेपर्यंत शून्यावर आले. पुढच्या दोन वर्षांत तो त्रास पुन्हा झाला नाही, आणि पावणेचार वर्षांचा असताना मूल खेळकर, मनमोकळे होते अशी नोंद आहे.

आपल्या घरांत मावशी एक नसते. खाला असते, फुफी असते, नानी येते, दादी तर घरातच असते. म्हणून मावशीच्या त्या एका रात्रीचे महत्त्व नीट समजून घ्यावे. नेहमी मिळणाऱ्या फळापेक्षा मधूनच मिळणारे फळ सवय जास्त चिवट करते. स्किनर यांना हे काहीसे योगायोगाने कळले. एका शनिवारी उंदरांना द्यायच्या गोळ्या संपत आल्या, त्या त्यांना स्वतः बनवाव्या लागत. म्हणून प्रत्येक वेळी गोळी देण्याऐवजी मिनिटाला एकच द्यायची असे त्यांनी ठरवले. उंदीर दांडा दाबतच राहिले. जी आई चार दिवस घट्ट राहते आणि पाचव्या दिवशी विसाव्या मिनिटाला हार मानते, ती मुलाला एवढेच शिकवते की वीस मिनिटे रडावे लागते.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी. फळ थांबल्यावर रडणे लगेच कमी होईलच असे नाही. बऱ्याचदा ते आधी वाढते, नवे प्रकारही सुरू होतात. अंथरुण फेकणे, पाणी मागणे, शूचे निमित्त. खटका उघडत नाही म्हटल्यावर मांजरही आधी जास्तच ओरबाडते. या टप्प्यावर बहुतेक घरे माघार घेतात. आमच्याही घरी थोरल्या नातवाच्या वेळी हेच झाले होते आणि माघार घेणारे आम्हीच होतो.

मर्यादाही सांगायला हवी. तान्ह्या बाळाला हे लागू नाही, त्याचे रडणे गरजेपोटी असते आणि त्याला उत्तर मिळालेच पाहिजे. ताप, कानदुखी, दात येणे यांतही नाही. दार लावून बाहेर राहणे ज्या आईला सोसवत नाही, तिने दार उघडे ठेवावे. दर काही मिनिटांनी डोकावून एक-दोन शब्द बोलावे, उचलून घेऊ नये आणि डोकावण्यामधले अंतर रोज थोडे वाढवावे. यानेही काम होते, वेळ जास्त लागतो इतकेच. यात डोकावण्याची वेळ घड्याळाने ठरली पाहिजे, रडण्याने नाही.

चिपळूणच्या भगिनीला आम्ही असे सुचवू. दुधाची बाटली अंथरुणातून आजच काढावी. दूध स्वयंपाकघरात, झोपण्याच्या अर्धा तास आधी द्यावे, मग दात घासावेत. त्यामुळे दातांचे रक्षण होईल आणि रडण्याशी जुळलेले एक फळ सुटेल. पहिला आठवडा फक्त टॉर्चचा खेळ. त्यानंतर सासूबाई, नणंद आणि मुलाचे अब्बा यांना एकत्र बसवून रात्रीचा क्रम एकदा ठरवावा. घरी पाहुणे येणार असतील किंवा नानीकडे जायचे असेल, तर तो आठवडा टाळून पुढे सुरुवात करावी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रडण्याची मिनिटे लिहावीत, कारण तिसऱ्या-चौथ्या रात्री मनाला वाटते की काहीच फरक पडत नाही, आणि तेव्हा आकडे बघावे लागतात. दोन आठवड्यांनी ते आकडे आम्हाला कळवावेत. मिनिटे उतरत नसतील तर आधी अंधाऱ्या खोलीची दुपारची चाचणी पुन्हा करून पाहावी.