किती ठाम लिहावं?

अभय व राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ३९ गावांत ही सेवा होती, ४७ गावांत नव्हती. तिसऱ्या वर्षी तुलनेने नवजात मृत्युदर ६२ टक्के घटला. घट झाली, हे ठामपणे लिहावं. पण गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, म्हणून शोधनिबंधाच्या चर्चेच्या भागात ‘सेवेमुळे घटला’पेक्षा ‘सेवेमुळे घटला असावा’ हे मला खरं वाटतं. ऊब, स्तनपान, प्रतिजैविकाचं इंजेक्शन हे सगळं एकत्र दिलेलं. एकट्या इंजेक्शनचा ‘हातभार असू शकतो’, एवढंच म्हणता येतं. आणि हीच सेवा भिवंडीजवळच्या दिघाशीत दिली तर? तिथली परिस्थिती निराळी, म्हणून ‘घडेल’ नव्हे, ‘घडू शकेल, तपासायला हवं’.