सडपातळ तरुण, तीन पिढ्यांची साखर आणि अर्धी गोळी

वय विशीच्या आतबाहेर, शरीर सडपातळ, आईला मधुमेह, आजोबांनाही होता. असा रुग्ण समोर बसला की आपल्यापैकी निम्मे जण केसपेपरवर ‘टाइप १’ लिहून इन्सुलिन सुरू करतात. उरलेले ‘टाइप २, तरुण वयातला’ असे लिहून मेटफॉर्मिनपासून सुरुवात करतात. बहुतेकदा यातले एक निदान बरोबरही ठरते. पण काही घरांत दोन्ही चुकतात. तिथे दोष एकाच जनुकात असतो आणि तो कोणत्या जनुकात आहे यावरून औषध ठरते. या अंकात त्यातल्या एकाच जनुकाचा विचार करू, तो म्हणजे एचएनएफ१ए. निदान बदलल्यावर उपचार इतके बदलावेत असे मधुमेहात फार कमी ठिकाणी घडते.

आधी आपल्याकडची अडचण पाहू. पाश्चात्त्य पुस्तकांत ‘सडपातळ, तरुण आणि घराण्यात मधुमेह’ ही तीन लक्षणे एकत्र आली की मोडीचा, म्हणजे एकजनुकीय मधुमेहाचा, संशय घ्यायला सांगतात. आपल्या ओपीडीत या तीन लक्षणांनी फारसे काही वेगळे काढता येत नाही. टाइप २ आपल्याकडे दहा-पंधरा वर्षे लवकर येतो. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असणे हे तर आता अपवाद राहिलेले नाही. सडपातळपणाचे म्हणाल तर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला फोटो आठवा. दोघांचाही बीएमआय २२.३, पण चरबी एकाच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे वजनकाट्यावर बारीक दिसणारा आपला रुग्ण चयापचयाच्या दृष्टीने बारीक असतोच असे नाही. ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई रुग्णांत मोडीच्या चाचणीत दोष सापडण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कमी निघाले, त्यामागेही हेच कारण असावे. एक्सेटरचा मोडी कॅल्क्युलेटरही युरोपीय रुग्णांवर बेतलेला आहे. तो वापरायला हरकत नाही, पण त्याने दिलेली टक्केवारी आपल्या रुग्णाची आहे असे समजू नये.

तेव्हा जनुकचाचणी लिहिण्याआधी साध्या चाचण्यांनी चाळणी लावावी लागते. ती कशी लावायची हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, बावीस वर्षांची एक मुलगी आली आहे. वजन ४८ किलो, बीएमआय १९.६. सोळाव्या वर्षी कुठल्याशा तपासणीत साखर २८६ निघाली. लघवीत कीटोन नव्हते, तरीही वयाकडे पाहून टाइप १ समजून इन्सुलिन सुरू झाले. आज सहा वर्षांनी ती दिवसाला जेमतेम १८ युनिट घेते. एचबीए१सी ८.२. आईला चोविसाव्या वर्षी, गरोदरपणात, मधुमेह निघाला आणि तो पुढे राहिला. मामाला तिशीत झाला. आजोबांच्या पायाची बोटे काढावी लागली होती.

इथे पहिली खटकणारी गोष्ट म्हणजे इन्सुलिनचा डोस. सहा वर्षे जुन्या टाइप १मध्ये किलोमागे ०.३७ युनिटवर निभावणे अवघड असते. दुसरी गोष्ट विचारल्याशिवाय कळत नाही. गावच्या जत्रेत दोन दिवस इन्सुलिन राहून गेले, तर काय झाले? ती म्हणते, ‘काही नाही, थोडी तहान लागली.’ टाइप १च्या रुग्णाला बहुधा असे उत्तर देता आले नसते.

मग सी-पेप्टाइड. जेवणानंतर, साखर १९० असताना, ते १.५ नॅनोग्रॅम निघाले. निदानाला तीन वर्षे उलटल्यावर ते ०.६च्या वर राहिले असेल तर टाइप १ हे निदान पुन्हा तपासायला हवे. निदानानंतर लगेचच हीच चाचणी केली तर ती फसवते, कारण टाइप १च्या सुरुवातीच्या काळात स्वादुपिंडात बरेच काही शिल्लक असते. गॅड, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर-८ या तिन्ही अँटिबॉडी निगेटिव्ह आल्या. एकटी गॅड करून थांबू नये. सहा वर्षांनी अँटिबॉडी निगेटिव्ह आल्या म्हणून टाइप १ आपोआप बाद होत नाही, कारण काळानुसार त्या ओसरतात. मात्र सी-पेप्टाइडच्या जोडीला ठेवल्यावर त्या निकालाला वजन येते.

इथवर टाइप १ मागे पडला, पण टाइप २ अजून उभाच आहे. तिच्या मानेवर काळवंडलेली त्वचा नाही, ट्रायग्लिसराइड ८५, एचडीएल ६१, यकृतात चरबी नाही. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीराची एकही खूण नाही. उपाशीपोटी साखर ११८ आणि जेवणानंतर २४४, म्हणजे उडी मोठी. आणि शेवटी सर्वांत स्वस्त चाचणी, जी आपण लिहायची सोडून दिली आहे: रक्तातली साखर १५० असताना लघवीत साखर ‘दोन प्लस’. एचएनएफ१ए बिघडले की मूत्रपिंडातले एसजीएलटी२ हे वाहक कमी पडतात आणि १८०चा उंबरठा खाली येतो. म्हणून या घराण्यांत मधुमेह दिसण्याआधीच कोणाच्या तरी लघवीत साखर सापडलेली असते. मात्र रुग्ण ग्लिफ्लोझिन गटातले औषध घेत असेल तर या खुणेला काही अर्थ उरत नाही.

पोटाचा एक एक्स-रे किंवा सोनोग्राफीही करून घ्यावी. बारीक तरुणात स्वादुपिंडात खडे निघाले तर सगळा विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो. घराण्यात मधुमेहाबरोबर बहिरेपणा आईकडून येत असेल तर मायटोकाँड्रियाची चाचणी वेगळी मागावी लागते. मूत्रपिंडात गाठी असतील तर एचएनएफ१बी शोधावे, आणि तिथे अख्खे जनुकच गळालेले असण्याची शक्यता मोठी असल्याने नुसते सिक्वेन्सिंग पुरत नाही.

आपल्या मुलीचा नमुना पॅनेलसाठी गेला आणि अहवाल आला: एचएनएफ१एच्या चौथ्या एक्झॉनमध्ये सलग आठ ‘सी’ असतात, तिथे एक ‘सी’ जास्तीचा घुसला आहे आणि पुढची वाचनचौकट सरकली आहे. जगभरात या जनुकात सर्वाधिक वेळा सापडलेला दोष हाच. वर्गीकरण ‘रोगकारक’. एकच अक्षर ओळीने आले की यंत्रे मोजणीत घसरतात, म्हणून सँगर पद्धतीने खात्री झाली आहे का हे प्रयोगशाळेला विचारावे.

इतका स्वच्छ अहवाल नेहमी येत नाही. बरेचदा ‘महत्त्व अनिश्चित’ असा शेरा येतो. त्यावर औषध बदलू नये. भारतीय जनुकांची नोंद जागतिक साठ्यात तोकडी असल्याने आपल्याकडचे निरुपद्रवी बदलही तिथे ‘न पाहिलेले’ ठरतात. अशा वेळी आई आणि मामा यांचे नमुने मागावेत. मधुमेह असलेल्यांत तो बदल नसेल तर संशय तिथेच संपतो. उलट, एचएनएफ१एमध्ये २७व्या जागी आयसोल्युसीनऐवजी ल्युसीन असणे हा बदल लोकसंख्येत सर्रास दिसतो. त्यावरून मोडीचे निदान लिहिलेला कागद घेऊन कोणी आले तर तो कागद बाजूला ठेवावा.

आता उपचार. बीटा पेशीत ग्लुकोज शिरते, त्यापासून एटीपी बनते, एटीपी पोटॅशियमची वाहिनी बंद करते आणि इन्सुलिन बाहेर पडते. एचएनएफ१एच्या दोषात अडथळा एटीपी बनण्याच्या टप्प्यावर असतो. सल्फोनिलयुरिया थेट वाहिनीवर बसते आणि तो अडथळा ओलांडते. पिअर्सन, हॅटर्सली आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये याची परीक्षा घेतली. या दोषाचे १८ आणि टाइप २चे १८ रुग्ण घेऊन प्रत्येकाला आळीपाळीने ग्लिक्लाझाइड आणि मेटफॉर्मिन दिले. एचएनएफ१एच्या गटात ग्लिक्लाझाइडचा परिणाम मेटफॉर्मिनच्या ५.२ पट निघाला. टाइप २मध्ये दोन्ही औषधे जवळपास सारखी ठरली.

आपल्या मुलीला आदल्या रात्री बेसल इन्सुलिन द्यायचे नाही. सकाळी ८० मिग्रॅच्या साध्या ग्लिक्लाझाइडची अर्धी गोळी नाश्त्याआधी द्यायची. अर्धी, कारण पूर्ण गोळीवर अशा रुग्णाची साखर दुपारपर्यंत ५०वर येऊ शकते. हळूहळू विरघळणारी ३० मिग्रॅची गोळी मोडू नये आणि ग्लिबेनक्लामाइडने सुरुवात करू नये. पहिला आठवडा उपाशीपोटी, जेवणाआधी आणि जेवणानंतर साखर मोजायची, घरात कीटोनच्या पट्ट्या ठेवायच्या. साखर चढीच राहिली तर आठवड्या-दोन आठवड्यांनी पाव किंवा अर्धी गोळी वाढवायची. अर्ध्या गोळीवरही साखर खाली जात असेल तर पाव गोळी, किंवा जेवणाबरोबर रेपाग्लिनाइड. कीटोन दिसले तर इन्सुलिन त्याच दिवशी परत सुरू करायचे, निदान कितीही पक्के असले तरी.

गोळीवर सगळेच टिकत नाहीत. मधुमेहाला अकरा वर्षांहून कमी काळ झालेला असेल, वजन आटोक्यात असेल आणि एचबीए१सी फार वर गेलेले नसेल, त्यांना इन्सुलिन सोडणे जास्त जमते. मुलीची बाजू म्हणून भक्कम आहे. तिच्या आईला मात्र बावीस वर्षे झाली आहेत. तिला मेटफॉर्मिन दोन ग्रॅम, ग्लिप्टिन आणि ग्लिफ्लोझिन चालू आहे. नव्या औषधांच्या लाटेत तिची सल्फोनिलयुरिया कोणीतरी बंद केली होती. तिला ती लहान डोसात परत द्यावी. बेसल इन्सुलिनही लागेल, आणि त्याला अपयश म्हणू नये. ग्लिफ्लोझिन चालू ठेवण्याआधी दोनदा विचार करावा, कारण इन्सुलिन कमी असलेल्या या शरीरात साखर ठीक दिसत असताना कीटोआम्ल साचण्याचा धोका खरा आहे. या दोषात डोळे आणि मूत्रपिंड टाइप १, टाइप २सारखेच बिघडतात. जीसीके या दुसऱ्या जनुकात तसे होत नाही. तिथे उपाशीपोटी साखर जन्मभर शंभर ते दीडशेच्या दरम्यान राहते, गुंतागुंत क्वचित होते आणि गरोदरपणाबाहेर औषधे बंद करणे हाच उपचार असतो. दोन्ही अहवालांवर ‘मोडी’ एवढेच वाचून एकच चिठ्ठी लिहिली तर एकीला नको ते औषध जाते आणि दुसरीला हवे ते मिळत नाही.

घरात पंधरा वर्षांचा भाऊ आहे, त्याची साखर आज ठीक आहे. त्याला हा दोष असण्याची शक्यता निम्मी. असेल तर पंचविशीपर्यंत मधुमेह उमटण्याची शक्यता निम्म्याहून अधिक. त्याची जनुकचाचणी लगेच केलीच पाहिजे असे आम्हाला वाटत नाही. वर्षातून एकदा एचबीए१सी पुरते. तो मोठा होऊन स्वतः मागेल तेव्हा चाचणी करावी. दोष नसल्याचे कळले तर वार्षिक तपासणीही सुटेल.

मुलीच्या आईचा प्रश्न वेगळाच असतो: स्थळे पाहायला सुरुवात केली आहे, हा कागद दाखवायचा का? कागद मुलीचा आहे, ती सज्ञान आहे, कोणाला सांगायचे हे तीच ठरवेल. डॉक्टरने तो सासरच्यांच्या हाती देऊ नये. आपण तिला एवढे सांगायचे की मूल हवे असेल तेव्हा दोन-तीन महिने आधी ये, गर्भधारणेआधी ग्लिक्लाझाइड बदलून इन्सुलिन द्यावे लागेल आणि एचबीए१सी साडेसहाच्या खाली आणावे लागेल. आणि तिच्या केसपेपरवर सोळाव्या वर्षापासून लिहिलेले ‘टाइप १’ खोडून, तारखेसह, जनुकाचे नाव लिहायचे, म्हणजे पुढे अपघात वॉर्डातल्या कोणी तिला पुन्हा चार वेळच्या इन्सुलिनवर टाकणार नाही.